ब्राइड्समेड व्हायला नाही म्हणायचं असेल तर...

वसईतली कॉलेजमैत्रीण ऑक्टोबरमध्ये फोन करते: "जानेवारीत लग्न ठरलंय. माझी ब्राइड्समेड तूच." पुण्यात बसलेल्या मैत्रिणीला हा मान आवडतो, पण तो निभावता येणार नाही हे तिला त्याच क्षणी कळतं. मग ती काय करते? बहुतेक वेळा "बघते गं, सुट्टीचं कळवते" म्हणून फोन ठेवते. पुढचे सगळे घोळ इथून सुरू होतात, आणि त्यांच्या मुळाशी काही पक्के गैरसमज असतात.

गैरसमज: आपण नाही म्हटलं तर लग्न अडेल

कॅथलिक लग्नात चर्चच्या कायद्याला हवे असतात ते धर्मगुरू किंवा डीकन आणि दोन साक्षीदार. 1983 च्या धर्मविधिसंहितेतल्या 1108 व्या कलमात एवढंच म्हटलं आहे. बेस्ट मॅन आणि ब्राइड्समेड हा रिवाजाचा भाग आहे. अनेक ठिकाणी हेच दोघं मिस्सेनंतर नोंदवहीत साक्षीदार म्हणून सही करतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच वाटतात. पण सही कुणीही जाणती व्यक्ती करू शकते: भाऊ, मावशी, शेजारी. ती कॅथलिकच हवी असंही नाही. त्यामुळे "मी हिंदू आहे, मला चालणार नाही" हे कारण वस्तुस्थितीला धरून नाही. ख्रिस्तप्रसाद न घेताही वधूशेजारी उभं राहता येतं. वेदीजवळ उभं राहणं तुमच्या स्वतःच्या मनाला पटत नसेल, तर तसं सांगावं. चर्चच्या नियमावर ढकलू नये. नवरी फादरना विचारेल आणि नियम तसा नाही हे तिला पाच मिनिटांत कळेल.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आगमनकाळात, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या चार आठवड्यांत, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात लग्नं सहसा टाळतात. मग नाताळनंतर उपवासकाळ लागेपर्यंतच्या थोड्याशा दिवसांत लग्नांची गर्दी होते. शिंपी, हॉल, बँड, फोटोग्राफर सगळे आधीच धरलेले असतात. ब्राइड्समेडचा ड्रेस तिच्या मापाने शिवायचा असतो, त्याचा रंग बेस्ट मॅनच्या टायशी आणि फुलांशी जुळवायचा असतो. ऑक्टोबरमधला नकार नवरीला दुसरी मैत्रीण किंवा चुलतबहीण निवडायला वेळ देतो. डिसेंबरातला नकार तिला कापलेलं कापड आणि दुसऱ्या मुलीचं माप यांच्यात अडकवतो. त्या दुसऱ्या मुलीलाही आपण नंतर आठवलेलो आहोत हे लख्ख कळतं. "बघते" म्हणणं मवाळ वाटतं खरं, पण त्याचा भार या दोघींवर पडतो.

गैरसमज: कारण सांगायचंच, तर न दुखावणारं सांगावं

पुण्याच्या मैत्रिणीचं खरं कारण असं धरू: तिची आयव्हीएफची ट्रीटमेंट जानेवारीच्या आसपास सुरू होणार आहे आणि ही गोष्ट तिने सासर-माहेर सोडून कुणालाही सांगितलेली नाही. साहजिकच तिच्या तोंडी येतं, "ऑफिसमध्ये इयर-एंडचं काम आहे."

ही सबब तिला सोडवत नाही, कारण सबबीवर उपाय निघतो. नवरी म्हणते, "मग शुक्रवारी रात्री नीघ, रविवारी परत जा, ड्रेस मी तुझ्या मापाने शिवून ठेवते." मैत्रिणीला आता दुसरी सबब शोधावी लागते, मग तिसरी. तिसऱ्या सबबीपर्यंत नवरीला एवढंच दिसतं, की हिला यायचंच नाहीये. जे दुखणं टाळायचं होतं, तेच पदरी येतं.

खरं कारण सोय करून हटत नाही. आयव्हीएफमध्ये पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं असतात, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी असते, आणि बीजं काढण्याचा दिवस शरीर कसा प्रतिसाद देतं त्यावर ठरतो. तो लग्नाच्या शनिवारी येईल की मंगळवारी, हे डॉक्टरही आधी सांगू शकत नाहीत. ही अनिश्चितता हेच नकाराचं खरं कारण आहे, आणि ट्रीटमेंटचं नाव न घेताही ते सांगता येतं:

"माझ्या तब्येतीची एक ट्रीटमेंट जानेवारीत आहे. काळजीचं काही नाही, पण तारखा माझ्या हातात नाहीत, ऐन लग्नाच्या दिवशीही जावं लागू शकेल. काय आहे ते आत्ता नाही सांगता येणार, सांगेन कधीतरी. म्हणून ब्राइड्समेड नको धरूस मला. तू मला विचारलंस याचा किती आनंद झाला, ते मात्र आत्ताच सांगते."

यात खोटं काहीच नाही आणि खासगी ते खासगीच राहिलं आहे. प्रामाणिकपणा म्हणजे सगळा तपशील पुढ्यात ओतणं, असं मानून कितीतरी जण खोट्याकडे वळतात. नवरीला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच: नकार पक्का आहे का, आणि तो तिच्यामुळे आहे का. वरच्या बोलण्यात दोन्हीची उत्तरं आहेत.

हे फोनवर किंवा समोर बसून बोलावं. मेसेज ती लग्नाच्या धावपळीत, चार माणसांत वाचते आणि तुमचा आवाज तिला ऐकू येत नाही.

गैरसमज: पैशाचं कारण सांगणं कमीपणाचं

हा प्रश्न अमेरिकेतल्या मराठी मुला-मुलींपुढे जास्त येतो. तिथे ब्राइड्समेडने आपला ड्रेस, विमानाचं तिकीट, हॉटेल आणि लग्नाआधीच्या मैत्रिणींच्या सहलीतला वाटा स्वतः उचलायचा, अशी बहुतेक ठिकाणी रीत आहे. नुकतीच नोकरी लागलेल्या, शिक्षणाचं कर्ज फेडणाऱ्या मुलीला हे जड जातं. होकार देऊन प्रत्येक खर्चाला कुरकुरत राहिलेली ब्राइड्समेड नवरीला जितकी दुखावते, तितकं "एवढा खर्च यंदा मला झेपणार नाही" हे एक वाक्य दुखावत नाही. आपल्याकडे कपड्यांचा खर्च कुणी करायचा हे घरागणिक बदलतं, तेव्हा नाही म्हणण्याआधी तेवढं विचारून घ्यावं. कदाचित नाही म्हणायची गरजच पडणार नाही.

गैरसमज: नकाराची भरपाई मोठ्या आश्वासनाने करावी

अपराधी वाटलं की माणूस भलतंच कबूल करतो. "ब्राइड्समेड नाही, पण आदल्या दिवसापासून तुझ्याजवळच असेन," असं पुण्याची मैत्रीण म्हणून बसली, तर तिने एका न पाळता येणाऱ्या शब्दाच्या जागी दुसरा दिला. नोंदवहीत साक्षीदार म्हणून सही करायचंही तिने कबूल करू नये. त्यालाही त्या दिवशी तिथे हजर असावंच लागतं.

तिने तारखेवर अवलंबून नसलेली कामं मागून घ्यावीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एका रविवारी वसईला जाऊन कापड निवडायला सोबत करावी. लग्नाच्या मिस्सेची पुस्तिका छापायची असेल, तर तिचं मराठी घरी बसून तपासून द्यावं: वाचनं, गीतांचा क्रम, दोन्ही घरच्यांच्या नावांचं शुद्धलेखन. ज्या मुलीला आता ब्राइड्समेड केलंय, तिच्याशी मोकळेपणाने बोलावं. तिच्या ड्रेसबद्दल किंवा निवडीबद्दल मत देऊ नये. नवरी काही दिवस गप्प राहिली तर पुन्हा पुन्हा कारणं समजावत बसू नये. ठरलेल्या रविवारी कापड घ्यायला जावं. आणि त्या शनिवारी दवाखान्यात जावं लागलं नाही, तर पाहुणी म्हणून मिस्सेला वेळेवर हजर राहावं. पुढच्या रांगेत जागा धरून ठेव, असं मात्र आधी सांगू नये.