बेंबीजवळचं दुखणं उजवीकडे सरकतं तेव्हा

एकोणीस वर्षांचा एक कॉलेजचा मुलगा. शनिवारी संध्याकाळी बेंबीभोवती दुखू लागलं. नेमकं कुठे, ते बोट ठेवून सांगता येईना. दुपारच्या वडापाववर खापर फोडून आईने ओवा आणि गरम पाणी दिलं. रात्री घरात त्याच्या आवडीचं मटण होतं, पण त्याला ताटाकडे बघवेना. मध्यरात्री एकदा उलटी झाली. सकाळी उठला तेव्हा बेंबीजवळचं दुखणं गेलं होतं आणि उजव्या बाजूला खाली, कमरेच्या हाडाच्या आत, टोचल्यासारखं दुखत होतं. स्कूटरवरून दवाखान्यात येताना प्रत्येक स्पीडब्रेकरला कळ आली, असं त्याने सांगितलं. हे ऐकूनच माझा संशय बळावला होता.

लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या जागेजवळ बोटाएवढी एक बंद नळी असते. तीच अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ. तिला एकच तोंड असतं. ते कडक झालेल्या मळाच्या खड्याने किंवा आजूबाजूच्या सुजेने बंद झालं, तर आतला स्राव अडकतो, जंतू वाढतात आणि नळी फुगू लागते.

दुखणं जागा का बदलतं? आतड्यांच्या नसा मेंदूला नेमका पत्ता सांगत नाहीत. नळी नुसती ताणलेली असते तेव्हा ते दुखणं बेंबीभोवती, मोघम जाणवतं. त्याच वेळी मळमळ सुरू होते आणि भूक मरते. पुढे सूज नळीच्या बाहेर पोचून पोटाच्या आतल्या अस्तराला लागते. या अस्तराच्या नसा मात्र जागा अचूक सांगतात. म्हणून रुग्ण आता बोट ठेवून दाखवतो, आणि चालताना, खोकताना, गाडीच्या धक्क्याने अस्तर हललं की कळ येते. थोडक्यात, दुखणं सरकलं म्हणजे आजार एक पायरी पुढे गेला.

त्यामुळे मी ‘किती दुखतंय’ यापेक्षा ‘आधी काय झालं’ हे जास्त विचारतो. अपेंडिक्समध्ये बहुतेक वेळा आधी दुखतं, उलटी नंतर होते. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं असेल तर अनेकदा उलट्या-जुलाब आधी सुरू होतात. मुतखड्याचा रुग्ण कळ आली की तळमळतो, एका जागी राहू शकत नाही. अपेंडिक्सचा रुग्ण पाय दुमडून गप्प पडून राहतो. आणि आवडीचा पदार्थही नको वाटतो का, हे तर विचारतोच. समोरचा ‘भूक लागलीय’ म्हणाला तर अपेंडिक्सची शक्यता कमी होते, संपत नाही.

या मुलाला 100 ताप होता. पोटाची डावी बाजू दाबली तरी उजवीकडे दुखत होतं. रक्तात पांढऱ्या पेशी 14,000 होत्या. सोनोग्राफीत अपेंडिक्स 9 मिलिमीटर जाड दिसलं. साधारण 6 पर्यंत असतं. त्याच दुपारी दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. अपेंडिक्स सुजलेलं होतं, पण फुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो घरी गेला.

सगळेच रुग्ण इतके ‘पुस्तकी’ नसतात. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असेल तर दुखणं पाठीकडे किंवा कुशीत जाणवतं. लहान मुलांना नीट सांगता येत नाही, वयस्कर माणसांना कधी कधी दुखतंच कमी, आणि गरोदरपणात अपेंडिक्स वर सरकलेलं असू शकतं. तरुण स्त्रियांत असंच दुखणं अंडाशयाला पीळ पडल्याने किंवा गर्भ नळीत राहिल्याने येतं, म्हणून पाळी चुकली आहे का हे विचारलं जातं आणि गर्भाची तपासणी केली जाते. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही, याचा अर्थ ते चांगलं आहे असा नाही. अशा वेळी काही तासांनी पोट पुन्हा तपासतात किंवा सीटी स्कॅन करतात.

काही निवडक रुग्ण, अपेंडिक्स फुटलेलं नसेल तर, अँटिबायोटिक्सवर बरे होतात. पण त्यातल्या काहींना पुढे पुन्हा त्रास होऊन शस्त्रक्रिया लागते, आणि हा निर्णय सर्जनने तपासून घ्यायचा असतो. घरी उरलेल्या गोळ्यांवर तो घेऊ नये.

दुखणं सुरू होऊन एक-दीड दिवस उलटला की नळी फुटण्याचा धोका वाढत जातो. इथे एक फसवी गोष्ट घडते. नळी फुटली की आतला ताण जातो आणि थोडा वेळ बरं वाटतं. घरचे म्हणतात, ‘चला, उतरलं.’ काही तासांनी पोट सगळीकडे दुखायला लागतं, कडक होतं, ताप चढतो. उपचार न घेता दुखणं अचानक थांबलं, तरी त्याच दिवशी दाखवाच.

दवाखान्यात निघताना जुलाबाचं औषध किंवा एरंडेल देऊ नका, पोट चोळू नका, गरम पिशवीने शेकू नका. खायला-प्यायलाही काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. वेदनाशामक गोळी आधीच दिली असेल तर कोणती आणि किती वाजता, ते डॉक्टरांना सांगा.