चलन भरलं, तरी बाकी?

सिग्नल तोडल्याचा पाचशे रुपयांचा दंड. मोबाइलवरून भरला, बँकेचा मेसेजही आला. आठवड्यानं पाहिलं तर तेच चलन ‘Pending’. अशा वेळी बहुतेक माणसं वैतागून पुन्हा पैसे भरतात आणि एका अडचणीच्या दोन होतात.

ऑनलाइन भरलेला दंड थेट वाहतूक पोलिसांकडे जात नाही. आधी तुमच्या बँकेतून पैसे वजा होतात, मग मधली पेमेंट कंपनी, म्हणजे गेटवे, ते घेते आणि शेवटी चलनाच्या सर्व्हरला ‘पैसे मिळाले’ असा निरोप देते. हा शेवटचा निरोप हुकला की खात्यातून पैसे गेलेले असतात, पण चलन तसंच राहतं. म्हणून तक्रार कुठे करायची, हे पैसे कुठे अडकलेत त्यावर ठरतं.

ते ओळखण्याची खूण म्हणजे पावती. ज्या संकेतस्थळावर पैसे भरले तिथे चलन क्रमांक टाकून पावती निघते का, ते पाहा. महाराष्ट्र पोलिसांचं चलन mahatrafficechallan.gov.in वर दिसतं, तर केंद्राची यंत्रणा echallan.parivahan.gov.in वर आहे. एकीकडे भरलेली रक्कम दुसरीकडे लगेच दिसेलच असं नाही. प्रकरण न्यायालयाकडे गेलं असेल तर vcourts.gov.in ही तिसरी जागाही तपासावी लागते. आणि दंड व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून भरला असेल, तर आधी पत्त्याच्या शेवटी gov.in आहे का ते बघा. नसेल, तर ते पैसे सरकारकडे गेलेलेच नसण्याची शक्यता मोठी. तेव्हा वाहतूक शाखेत न जाता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

पावती निघत नसेल, तर पैसे बहुधा वाटेतच आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमानुसार, यूपीआय किंवा कार्डानं ऑनलाइन भरलेली रक्कम खात्यातून वजा झाली, पण घेणाऱ्याकडे खात्री पोचली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेनं द्यायची असते. समजा, 3 तारखेला पाचशे रुपये गेले. 8 तारखेपर्यंत थांबायचं. तोवर चलन ‘Paid’ झालं किंवा पैसे परत आले, तर प्रश्न मिटला. परत आले असतील, तर दंड नव्यानं भरायचा. यातलं काहीच झालं नाही, तर बँकेकडे व्यवहाराचा क्रमांक देऊन लेखी तक्रार करायची. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं.

पावती आहे, तरीही चलन बाकी दिसतंय? मग बँकेचा दोष नाही, नोंद सुधारायची आहे. चलनाच्या संकेतस्थळावरची तक्रारीची सोय वापरा किंवा वाहतूक शाखेला लेखी अर्ज द्या. शब्द मात्र जपून वापरा. ‘माझ्यावर चुकीचं चलन आहे’ असं लिहिलंत, तर समोरचा कर्मचारी गुन्ह्याचा फोटो तपासेल, तो बरोबर निघेल आणि तक्रार बंद होईल. ‘दंड मान्य आहे, भरला आहे, नोंद झालेली नाही’ असं लिहा. सोबत चलन क्रमांक, वाहन क्रमांक, रक्कम, व्यवहार क्रमांक, पावती आणि बँक खात्याच्या उताऱ्यातली ती ओळ जोडा. अ‍ॅपचा नुसता स्क्रीनशॉट पुरेसा धरला जात नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो.

दोनदा भरल्याच्या प्रकरणात आधी दोन्ही चलन क्रमांक जुळवून पाहावेत. तारीख आणि रक्कम सारखी, पण क्रमांक वेगळे, तर ते दोन वेगळे दंड असू शकतात. दोन चौकांतल्या दोन कॅमेऱ्यांनी टिपलेले. क्रमांक खरोखर एकच असेल आणि दुसरी रक्कम वाटेत अडकली असेल, तर वरचा पाच दिवसांचा नियम लागू. दोन्ही रकमा सरकारकडे जमा झाल्या असतील, तर मात्र बँक हात वर करते, कारण तिच्या लेखी व्यवहार पुरा झालेला असतो. तेव्हा परताव्याचा अर्ज वाहतूक विभागाकडेच करावा लागतो आणि इथे वेळ लागतो, हे धरूनच चाला. घाईनं कार्डाच्या बँकेकडे दोन्ही व्यवहारांवर हरकत घेऊ नका. खरी रक्कमही मागे घेतली गेली, तर भरलेलं चलन पुन्हा बाकी होईल.

उत्तरच येत नसेल, तर ‘आपले सरकार’च्या तक्रार निवारण संकेतस्थळावर तक्रार टाका आणि तिचा क्रमांक ठेवा. लोकअदालतीची नोटीस आली, तर पावती घेऊन हजर राहा. नोटीस टाळू नका आणि तिथे पुन्हा पैसेही भरू नका. गाडी विकायची असेल, तर हे सगळं व्यवहार ठरण्याआधीच निस्तरा.