प्राध्यापकाची कार्यसूची

प्राध्यापकाची कार्यसूची म्हणजे एखाद्या अध्यापकाने किंवा संशोधकाने प्रसिद्ध केलेले लेखन, दिलेली व्याख्याने आणि विद्यार्थ्यांना केलेले संशोधन-मार्गदर्शन यांची क्रमवार व पडताळता येण्याजोगी नोंद. नेमणूक, पदोन्नती आणि संशोधन-अनुदान यांच्या निर्णयात ती पाहिली जाते. मार्गदर्शकाच्या शोधात असलेला विद्यार्थीही प्रथम तीच वाचतो. सूचीतील प्रत्येक नोंदीबाबत वाचकाला तीन गोष्टी कळाव्या लागतात: हे काम नेमके कोणाचे, ते कोणत्या अवस्थेत आहे आणि त्याचा पुरावा कोठे मिळेल. सूचीतील बहुतेक दोष यांपैकी एखादे उत्तर संदिग्ध राहिल्याने उद्भवतात.

## स्वरूप

सूचीचे सामान्यतः तीन विभाग असतात. प्रकाशनांच्या विभागात ग्रंथ, संपादित ग्रंथ, ग्रंथातील प्रकरणे आणि नियतकालिकांतील शोधनिबंध स्वतंत्रपणे मांडतात. व्याख्यानांच्या विभागात बीजभाषण, निमंत्रित व्याख्यान आणि परिषदेतील निबंधवाचन यांत भेद करतात. परिषदेला केवळ उपस्थित राहणे ही व्याख्यानाची नोंद होत नाही. मार्गदर्शनाच्या विभागात संशोधक विद्यार्थी, प्रबंधाचा विषय, विद्यापीठ आणि पदवीचे वर्ष येते. प्रत्येक विभागात अलीकडील नोंद वर ठेवण्याचा प्रघात आहे.

## कर्त्याच्या ओळखीचा प्रश्न

शोधनिबंधांवर कर्त्याचे नाव पुष्कळदा आद्याक्षरे आणि आडनाव एवढेच छापले जाते. एवढ्या खुणेवरून व्यक्ती निश्चित होतेच असे नाही. याचे बोलके उदाहरण गोव्यातील कोसंबी घराण्यात आढळते. बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे अभ्यासक धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६–१९४७) आणि त्यांचे पुत्र, गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) या दोघांचीही आद्याक्षरे 'डी. डी.' अशीच होतात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे हे घडले.

हार्वर्ड ओरिएंटल सीरिज या ग्रंथमालेत हा पेच एकाच कपाटात पाहता येतो. मालेचा ४१ वा खंड म्हणजे हेन्री क्लार्क वॉरन यांनी संपादित केलेला *विसुद्धिमग्ग*. त्याचे संशोधित रूप धर्मानंदांनी सिद्ध केले आणि तो १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. लगेच पुढचा ४२ वा खंड म्हणजे विद्याकराचा *सुभाषितरत्नकोश* (१९५७). त्याचे संपादक दामोदर कोसंबी आणि वा. वि. गोखले आहेत. ग्रंथमाला एक, आडनाव एक, आद्याक्षरे एक आणि खंड लागोपाठचे. पूर्ण नाव न पाहता सूची करणाऱ्याने हे दोन्ही खंड एकाच व्यक्तीच्या नावे लावले, तर ती चूक सहज ध्यानात येणार नाही.

दामोदर कोसंबींच्या सूचीत याच्या उलट अडचणही येते: एकाच व्यक्तीचे काम अनेकांचे भासते. त्यांनी भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती संपादित केली (१९४८) आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर १९५६ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्याआधी १९४४ मध्ये *ॲनल्स ऑफ युजेनिक्स* या नियतकालिकात त्यांचा गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतरे काढण्याविषयीचा निबंध आला होता. त्यातील सूत्र आनुवंशशास्त्रात आजही 'कोसंबी फलन' या नावाने शिकवले जाते. संस्कृत संपादक आणि आनुवंशशास्त्रातील सूत्राचा कर्ता एकच असेल, असे विषयावरून अनुमान करणाऱ्याला वाटत नाही, आणि ती नोंद सूचीतून गळते. १९६० च्या दशकात त्यांनी 'एस. ड्यूक्रे' या टोपणनावानेही गणितावरील काही निबंध प्रसिद्ध केले. ते तर केवळ नावाच्या शोधातून हाती लागणेच शक्य नाही.

मराठी नावांच्या बाबतीत आणखी दोन कारणे यात भर घालतात. कार्यालयीन कागदपत्रांत आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे वा पतीचे नाव असा क्रम रूढ आहे. परदेशी नियतकालिकांची संगणकीय व्यवस्था मात्र शेवटचा शब्द हेच आडनाव मानते. त्यामुळे निबंध वडिलांच्या नावाखाली नोंदला जातो. विवाहानंतर आडनाव बदलल्यास आधीचे व नंतरचे लेखन दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या नावे विभागले जाते.

## संशोधक ओळखक्रमांक

ही संदिग्धता दूर करण्यासाठी ऑक्टोबर २०१२ पासून 'ऑर्किड' हा ओळखक्रमांक दिला जाऊ लागला. तो देणारी संस्था ना-नफा तत्त्वावर चालते आणि संशोधकाला तो विनामूल्य मिळतो. नाव, आडनाव वा संस्था बदलली तरी क्रमांक तोच राहतो. आधीची नावे आणि नावाची निरनिराळी रोमन रूपे त्याच नोंदीखाली जोडता येतात.

क्रमांकात सोळा स्थाने असून ती चार-चारच्या गटांत लिहितात. पहिले पंधरा अंक हा मूळ क्रमांक आणि सोळावे स्थान हा तपासणी-अंक होय. तो पहिल्या पंधरा अंकांवरूनच काढलेला असल्याने उतरवून घेताना झालेली चूक उघड होते. प्रात्यक्षिकासाठी नेहमी वापरला जाणारा 0000-0002-1825-0097 हा क्रमांक घेऊ. रीत अशी: शून्यापासून आरंभ करून डावीकडून प्रत्येक अंक बेरजेत मिळवावा आणि येणाऱ्या संख्येची दुप्पट करावी. पहिल्या सात शून्यांनी बेरीज शून्यच राहते. त्यापुढील पायऱ्या पुढीलप्रमाणे:

| अंक | मिळवून | दुप्पट |
|---|---|---|
| २ | २ | ४ |
| १ | ५ | १० |
| ८ | १८ | ३६ |
| २ | ३८ | ७६ |
| ५ | ८१ | १६२ |
| ० | १६२ | ३२४ |
| ० | ३२४ | ६४८ |
| ९ | ६५७ | १३१४ |

१३१४ ला ११ ने भागल्यास बाकी ५ उरते. ही बाकी १२ मधून वजा केली की ७ येतात, आणि क्रमांकाचा शेवटचा अंक ७ च आहे. म्हणजे क्रमांक बरोबर उतरला आहे. वजाबाकी १० आल्यास शेवटी X लिहितात, ११ आल्यास ० व १२ आल्यास १.

आता 1825 ऐवजी चुकून 8125 लिहिले गेले असे समजू. त्याच रीतीने अखेरची संख्या १७६२ येते, तिची बाकी २ उरते आणि तपासणी-अंक X असायला हवा असे दिसते. प्रत्यक्षात तेथे ७ असल्याने चूक पकडली जाते. एक अंक चुकणे किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट होणे, या उतरवून घेताना होणाऱ्या दोन्ही नेहमीच्या चुका ही रीत नेमाने पकडते.

तपासणी-अंकाची मर्यादाही याच उदाहरणातून दिसते. वरील क्रमांक जोसाया कार्बेरी यांच्या नावे आहे, आणि कार्बेरी हे काल्पनिक प्राध्यापक आहेत. १९२९ मध्ये अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या सूचनाफलकावर त्यांच्या व्याख्यानाची खोटी सूचना कोणीतरी लावली आणि तेव्हापासून ही थट्टा तेथे परंपरा होऊन बसली. अंक बरोबर उतरला एवढेच हे गणित सांगते. तो कोणाचा आहे, त्या व्यक्तीने ते काम केले आहे का, किंवा मुळात ती व्यक्ती आहे का, हे ते सांगत नाही.

## नोंदीची अवस्था

एकच शोधनिबंध अनेक अवस्थांतून जातो. तो पाठवला जातो, तज्ज्ञांकडून तपासला जातो, स्वीकारला जातो आणि मग खंड-अंक व पृष्ठांकांसह छापला जातो. काही विषयांत तपासणीपूर्वीच त्याचा कच्चा पाठ सार्वजनिक संग्रहात ठेवतात. भौतिकशास्त्र व गणितात १९९१ पासून सुरू असलेला 'अर्काइव्ह' हा असा संग्रह आहे. कच्चा पाठ आणि छापील निबंध यांची शीर्षके पुष्कळदा थोडी वेगळी असतात, त्यामुळे ते दोन निबंध म्हणून मोजले जाण्याचा संभव असतो. दोन्ही एकाच नोंदीत देणे ही योग्य रीत होय.

'स्वीकृत' आणि 'पाठवलेला' हे शब्द समानार्थी नाहीत. स्वीकृतीचे संपादकाचे पत्र असते, पाठवण्याला केवळ पोच असते. 'प्रकाशनाच्या मार्गावर' असा मोघम शब्द वर्षानुवर्षे एकाच नोंदीपुढे राहिला असेल, तर ती नोंद तपासून पाहावी. ग्रंथाचा आयएसबीएन आणि नियतकालिकाचा आयएसएसएन हेही केवळ ओळखक्रमांक आहेत. नियतकालिकाला आयएसएसएन आहे याचा अर्थ त्यातील लेख तज्ज्ञांनी तपासलेले आहेत, असा होत नाही.

व्याख्यानाला छापील पुरावा नसल्याने तेथे तारीख, स्थळ, आयोजक संस्था आणि शीर्षक या चारही गोष्टी आवश्यक ठरतात. एकच व्याख्यान निरनिराळ्या ठिकाणी दिले असल्यास शीर्षक एकदा देऊन त्याखाली स्थळे व तारखा लिहितात.

## मार्गदर्शनाच्या नोंदी

भारतात पूर्ण झालेल्या पीएच.डी. मार्गदर्शनाची पडताळणी 'शोधगंगा' या संग्रहातून करता येते. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र तो चालवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले. संग्रहातील नोंदीत संशोधक, मार्गदर्शक, विभाग आणि विद्यापीठ यांची नावे स्वतंत्रपणे दिलेली असतात. त्यामुळे मार्गदर्शकाच्या नावाने शोध घेता येतो, मात्र नावाच्या रोमन रूपांतील भेद येथेही आडवे येतात. एखादा प्रबंध संग्रहात न सापडणे हा तो झालाच नाही याचा पुरावा नव्हे. जुने प्रबंध सर्वच विद्यापीठांनी संग्रहात घातलेले नाहीत.

सूचीत 'पदवी प्राप्त', 'प्रबंध सादर' आणि 'काम चालू' असे भेद स्पष्ट असावेत, तसेच मार्गदर्शक आणि सहमार्गदर्शक यांतील भेदही. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शन करता येते. म्हणून प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एकूण संख्येपेक्षा चालू कामाची संख्या अधिक उपयोगी असते. सहायक प्राध्यापकाच्या सूचीत चार कामे चालू दिसत असतील, तर त्यांच्याकडे सध्या जागा नाही. नोंदणीचे आणि पदवीचे वर्ष दोन्ही दिलेले असल्यास त्या मार्गदर्शकाकडे प्रबंध पूर्ण होण्यास साधारण किती काळ लागतो, हेही वाचता येते. नोंदणी होऊन काम अर्धवट सुटलेले विद्यार्थी मात्र अशा सूचीत सहसा दिसत नाहीत.

## हेही पाहा

* दामोदर धर्मानंद कोसंबी
* धर्मानंद दामोदर कोसंबी
* शोधगंगा
* विद्यापीठ अनुदान आयोग