‘जस्ट’, ‘सॉरी’ आणि ‘की काय’

एका छोट्या कंपनीतली लेखा सहायक आपल्या वरिष्ठांना मेसेज लिहिते आहे, असं समजू. ‘सॉरी मॅडम, तुम्हाला त्रास देतेय. जस्ट एक विचारायचं होतं. मला वाटतं, कदाचित मार्चच्या एका बिलात जीएसटी थोडासा चुकलाय की काय. माझंच चुकत असेल. वेळ मिळाला तर जरा बघाल का? घाई नाही.’

मॅडमनी हा मेसेज दुपारी वाचला आणि बाजूला ठेवला. त्यात त्यांची काय चूक? घाई नाही, असं लिहिणारीच म्हणाली होती. प्रत्यक्षात ४०,००० रुपयांच्या बिलावर १८ टक्क्यांऐवजी ५ टक्के कर लागला होता, म्हणजे ७,२०० च्या जागी २,०००. मार्चच्या विक्रीचं विवरणपत्र ११ एप्रिलपर्यंत भरायचं होतं. हे सगळं तिला ठाऊक होतं, पण मेसेजमध्ये यातलं काहीच उतरलं नाही.

बोलणं बोथट करणाऱ्या अशा शब्दांचा भाषाशास्त्रज्ञ पन्नासहून अधिक वर्षं अभ्यास करत आहेत. अमेरिकेच्या रॉबिन लेकॉफ यांनी १९७३ मध्ये हे बायकांच्या बोलण्याचं लक्षण म्हणून मांडलं. पुढे विल्यम ओबार आणि बोमन अ‍ॅटकिन्स यांनी न्यायालयातल्या साक्षी तपासल्या, तेव्हा बोलणाऱ्याचा समाजातला दर्जा आणि कोर्टाचा सराव यांचा त्याच्याशी अधिक संबंध दिसला. ज्याला आपलं पद लहान वाटतं, तो पुरुष असला तरी असाच बोलतो. त्यामुळे हा उपदेश फक्त मुलींनाच करण्यात अर्थ नाही.

हे शब्द काढले तर आपण उद्धट वाटू, पुणेरी पाटीच होईल, अशी भीती असते. पण पाटी झोंबते ती तिच्यातल्या टोमण्यामुळे. मराठीत आदर ‘जस्ट’मध्ये नसतो, तो क्रियापदाच्या शेपटीत असतो. ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘पाठवलंत तर बरं होईल’ या चार पायऱ्या कानाला लगेच कळतात. इंग्रजी क्रियापदाला अशा पायऱ्या नाहीत, त्यामुळे तिथे अदबीसाठी जादा शब्द लावावे लागतात. आपण इंग्रजी मेल लिहिता लिहिता ते शब्द मराठीत आणले आणि आपल्याकडची शेपटी होतीच. म्हणजे एकाच आदराला दोनदा पाणी घातलं.

आता तोच मेसेज पुन्हा लिहू. ‘मॅडम, मार्चच्या १४ नंबरच्या बिलात जीएसटी १८ ऐवजी ५ टक्के लागलाय. ४०,००० वर ७,२०० हवे होते, २,००० लागलेत. ११ तारखेला रिटर्न भरायचं आहे, त्याआधी दुरुस्तीला मंजुरी द्याल का? बिल सोबत जोडलंय.’

‘मॅडम’ राहिलं, ‘द्याल का’ राहिलं. यात कुठेही उर्मटपणा नाही. याच जागी ‘आजच्या आज मंजुरी द्या’ असं लिहिलं असतं, तर मात्र खटकलं असतं. तेव्हाही दोष ‘सॉरी’ नसण्याचा नसता, हुकमी क्रियापदाचा असता.

‘मला वाटतं’ सरसकट खोडायचं नाही. तिला दराचीच खात्री नसती, तर तेवढंच लिहायला हवं होतं: ‘रक्कम मी तपासली आहे, पण या कामाला १८ टक्केच लागतात का, याची खात्री नाही.’ इथे शंका एका जागी बसली. पहिल्या मेसेजमध्ये ती सगळीकडे शिंपडली होती, त्यामुळे नक्की काय तपासायचं हेच मॅडमना कळलं नसतं.

शंका अशी विरघळवण्याची किंमत कधी फार मोठी असते. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाचं विमान धावपट्टीवर वेग घेत होतं. इंजिनाचा आकडा बरोबर दिसत नाही, असं सहवैमानिक एकाहून अधिक वेळा म्हणाला. कप्तानाने ते बरोबरच असल्याचं सांगितलं. सहवैमानिकाने पुन्हा शंका काढली आणि लगेच, असेलही बरोबर, असं म्हणून ती स्वतःच मागे घेतली. सेन्सरवर बर्फ साचल्याने आकडा खोटा होता. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळलं. ७८ माणसं गेली. उड्डाण न थांबवण्याची जबाबदारी कप्तानाची होती हे खरंच, पण त्याच्या कानावर ‘असेलही बरोबर’ हेही पडलं होतं.

मेसेज पाठवण्यापूर्वी एक साधी चाचणी पुरते: शब्द काढून वाक्य वाचायचं. अर्थ बदलला, तर शब्द ठेवायचा. ‘जस्ट’ बहुतेक वेळा जातो. ‘जरा’ एकदा चालतो, तीनदा नाही. आणि रात्री साडेदहाला कुणाला फोन करावा लागलाच, तर ‘उशिरा त्रास देतोय, माफ करा’ हे अवश्य म्हणावं. तिथे त्रास खरोखरच दिलेला असतो.