भीतीने हातपाय गार का पडतात?

वक्तृत्व स्पर्धेत नाव पुकारलं जाण्याआधी भाचीने माझा हात घट्ट धरला. सभागृहात उकडत होतं, तरी तिची बोटं बर्फासारखी गार होती आणि तळवे घामाने ओले. चेहरा पांढराफटक. "मामा, तोंडाला कोरड पडलीय," ती कसंबसं म्हणाली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बीपी लो झालं असेल, साखरपाणी द्या." मी नाडी पाहिली. ती जोरात आणि भरभर चालली होती. बीपी उतरलं नव्हतं. घाबरल्यावर ते सहसा थोडं चढतंच.

भीती वाटली की शरीर पळायच्या किंवा झुंजायच्या तयारीला लागतं. त्यासाठी रक्त हवं मांड्यांच्या आणि दंडांच्या मोठ्या स्नायूंना. तिथल्या रक्तवाहिन्या ॲड्रेनलिनमुळे रुंदावतात, त्वचेखालच्या मात्र आवळल्या जातात. बोटांच्या टोकांशी आणि तळव्यांत धमनीतून थेट शिरेत रक्त नेणाऱ्या खास वाटा असतात. एरवी शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचं काम त्यांचं. भीतीच्या चेतातंतूंची पकड त्यांच्यावर फार घट्ट असते, म्हणून गारवा आधी बोटांना जाणवतो. वर तळव्याचा घाम वाळताना आणखी थंडावा आणतो. चेहऱ्याच्या त्वचेतलं रक्त कमी झालं की तो फिका पडतो.

तोंडाची कोरड थोडी वेगळी. पातळ लाळ पाझरायला लावणारे संदेश मेंदू अशा वेळी रोखून धरतो. उरते ती थोडी, चिकट लाळ. त्यात आपण तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि जीभ टाळूला चिकटते. आपल्या धर्मशास्त्रांत चोरीच्या संशयितासाठी 'तंडुल' नावाचं दिव्य सांगितलं आहे: त्याने तांदूळ चावून थुंकायचे. कोरड पडलेल्या तोंडाला ते अवघडच जाणार. पण निरपराध माणूसही घाबरतोच, आणि त्याचंही तोंड सुकतं. ही परीक्षा भीती ओळखत होती, गुन्हा नव्हे.

भाचीला मी पाण्याचे दोन घोट दिले, हात चोळले आणि श्वास सावकाश सोडायला सांगितलं. भाषण संपवून ती परतली तेव्हा बोटं कोमट झाली होती.

भीती ओसरली की हे सगळं असंच ओसरतं. पण नाडी मंदावली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती भोवळ असू शकते. अशा माणसाला उभं न ठेवता आडवं करून पाय उंच करावेत. थंडीत किंवा ताणात बोटं आधी पांढरी, मग निळी पडत असतील, किंवा एकच पाय गार राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि छातीवर दडपण येऊन गार घाम फुटला, तर भीती समजून वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.