मामाच्या फोनवरून आलेलं आमंत्रण

लग्नाचं आमंत्रण फॅमिली ग्रुपवर पडलं की ते तिथे थांबत नाही. मावशी ते भिशीच्या ग्रुपवर ढकलते, मामा गावाकडच्या भावकीत. ‘आमच्या सोनूचं लग्न येत्या रविवारी, सगळे नक्की या’ हे घरात गोड वाटतं. पण मामाच्या फोनवरून गेलं की सोनू मामाची लेक होते आणि रविवार कुठला ते कळत नाही. म्हणून वाचणारा आपल्याला ओळखत नाही असं धरूनच लिहावं.

असं काहीसं (नावं काल्पनिक):

॥ श्री गणेश प्रसन्न ॥
सप्रेम नमस्कार.
आमची कन्या चि.सौ.कां. मृणाल आणि सातारा येथील श्री. व सौ. देशमुख यांचे चिरंजीव अद्वैत यांचा विवाह रविवार, ७ फेब्रुवारी २०२७ रोजी दुपारी १२ वा. ३५ मि. या मुहूर्तावर योजिला आहे.
स्थळ: (कार्यालयाचे नाव), विश्रामबाग, सांगली.
सहकुटुंब येऊन वधूवरांना आशीर्वाद द्यावेत, ही विनंती.
सौ. सुनीता व श्री. रमेश जोशी, सांगली

निमंत्रक शेवटी नावागावानिशी आहेत, त्यामुळे संदेश कुणीही पुढे पाठवला तरी ‘आमची’ म्हणजे कुणाची ते समजतं. सुरुवातीला ‘आदरणीय काका, मावशी, आत्या’ अशी यादी मुद्दाम नाही. एखादी मामी राहून गेली की ती कार्यालयात जेवणापर्यंत रुसलेली दिसते. ‘सप्रेम नमस्कार’ सगळ्यांना पुरतो. सौ., श्रीमती, कै. ही अक्षरं मात्र घरातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावीत. तिथली चूक लोक बोलून दाखवत नाहीत, पण विसरतही नाहीत.

पत्रिकेचा फोटो हौसेने जरूर टाकावा, पण मजकूर वेगळा टाइप करावा. फोटोतली बारीक नक्षीदार अक्षरं आजोबांना दिसत नाहीत, आणि ऐन वेळी पत्ता शोधताना फोनच्या शोधात फोटो सहसा सापडत नाही. २०२४च्या लग्नसराईत ‘पत्रिका’ म्हणून .apk फाइल पाठवून फोनमधली माहिती चोरल्याचे प्रकार घडले होते. तेव्हापासून सावध झालेली माणसं अनोळखी फाइल उघडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. साधा मजकूर बिनधास्त वाचता येतो.

पाठवण्याआधी वार आणि तारीख कॅलेंडरवर जुळवून पाहावी. व्हॉट्सॲपवर संदेश पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो, पण तोवर पुढे गेलेल्या प्रती आहेत तशाच राहतात. त्यामुळे चूक सापडलीच, तर ‘सुधारित’ असं पहिल्या ओळीत लिहून अख्खं आमंत्रण पुन्हा टाकावं. नुसतं ‘वेळ १२.३५ वाचावी’ लिहिलं तर ती ओळ भिशीच्या ग्रुपपर्यंत पोहोचत नाही.

आणि थोरल्या काकांना आधी फोन करावा. ग्रुपवरून कळलं तर ते येतील, पण आधी आत्याला विचारतील, ‘आम्हाला वेगळं बोलावणं नाही का?’