पेनड्राइव्ह लागला, पण लग्न दिसेना

लग्न होऊन दोन-तीन महिने झाले की फोटोग्राफरकडून अल्बम येतो आणि त्यासोबत एक पेनड्राइव्ह. घरातले सगळे दिवाणखान्यात जमतात, पेनड्राइव्ह टीव्हीला लावतात आणि पडद्यावर 'ही फाइल चालवता येत नाही' अशा अर्थाची ओळ येते. तोच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला की व्हिडिओ विनातक्रार चालतो. मग फोटोग्राफर म्हणतो टीव्ही जुना आहे, टीव्हीवाला म्हणतो फाइल खराब आहे आणि घरातलं कुणीतरी रात्रभर लॅपटॉप चालू ठेवून सगळा व्हिडिओ 'कन्व्हर्ट' करत बसतं. बऱ्याचदा त्याची गरजच नसते. टीव्ही नेमका कुठे अडला हे आधी ओळखलं, तर कित्येकदा पाच-दहा मिनिटांत काम होतं आणि चित्राचा दर्जाही तसूभर कमी होत नाही.

टीव्हीला तीन गोष्टी एकामागून एक जमाव्या लागतात. पहिली म्हणजे पेनड्राइव्हवर फायली ज्या पद्धतीने मांडल्या आहेत ती मांडणी वाचणं; हिला फाइल सिस्टिम म्हणतात. दुसरी म्हणजे कंटेनर उघडणं. कंटेनर हा जेवणाच्या डब्यासारखा असतो: एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय ही त्या डब्याची नावं, आत काय वाढलंय ते त्यावरून कळत नाही. म्हणूनच फाइलच्या नावातलं शेवटचं 'mkv' खोडून तिथे 'mp4' लिहिल्याने काही साधत नाही. आणि तिसरी म्हणजे आतलं चित्र व आवाज ज्या पद्धतीने आकुंचित केले आहेत ते उलगडणं. ती पद्धत म्हणजे कोडेक. चित्राचा कोडेक वेगळा असतो, आवाजाचा वेगळा.

टीव्ही कुठे अडला हे त्याच्या वागण्यावरूनच बरंचसं कळतं. पेनड्राइव्ह दिसतच नसेल किंवा टीव्ही तो फॉरमॅट करायला सांगत असेल, तर पहिला संशय फाइल सिस्टिमवर घ्यावा. फाइल यादीत दिसते पण उघडत नाही, तर कंटेनर किंवा कोडेक. आणि चित्र आहे पण आवाज नाही, किंवा आवाज आहे पण पडदा काळा, असं असेल तर ती चांगली बातमी समजावी. याचा अर्थ पेनड्राइव्ह वाचला गेला, कंटेनरही उघडला. फक्त आतला एक कोडेक टीव्हीला येत नाही.

लॅपटॉपवर चालतं ते टीव्हीवर का चालत नाही, याचं उत्तर चिपमध्ये आहे. लॅपटॉपवरचा व्हीएलसी प्लेअर गरज पडली तर सगळी आकडेमोड सॉफ्टवेअरने करतो, त्यामुळे जवळपास काहीही उलगडतो. टीव्हीचा मुख्य प्रोसेसर तेवढा ताकदवान नसतो. तिथे व्हिडिओ उलगडण्याचं काम त्याच कामासाठी घडवलेलं वेगळं सर्किट करतं, आणि त्या सर्किटला जे कोडेक येतात तेवढेच येतात. सॉफ्टवेअर अपडेटने ते सर्किट बदलत नाही.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. दीड तासाची लग्नाची फिल्म, फुल एचडी, दर सेकंदाला २० मेगाबिट या हिशेबाने बनवलेली. तिची फाइल साधारण साडेतेरा जीबी होते. सोबत कॅमेऱ्यातून जशाच्या तशा उतरवलेल्या काही क्लिप. हे सगळं ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर, आणि घरी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला फुल एचडी टीव्ही.

टीव्हीवर पेनड्राइव्ह दिसतच नाही. लॅपटॉपवर ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'Properties' उघडलं की फाइल सिस्टिम 'exFAT' असल्याचं कळतं. फोटोग्राफरने ती निवडली यात त्याची चूक नाही. जुन्या फॅट३२ पद्धतीत फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांचीच जागा असते, त्यामुळे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. ड्राइव्हवर पन्नास जीबी मोकळे असले तरी साडेतेरा जीबीची फाइल तिथे टाकताना विंडोज ती फार मोठी असल्याचं सांगून थांबतो. एक्सफॅटला ही मर्यादा नाही. पण मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली ही पद्धत पुढे बरीच वर्षं परवान्याच्या कक्षेत होती. लिनक्सवर चालणाऱ्या टीव्हीत ती घालायची तर कंपनीला परवाना घ्यावा लागे, आणि अनेकांनी तो घेतला नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केला आणि त्यानंतर ती लिनक्समध्ये रुजू झाली. नवे टीव्ही ती सहसा वाचतात, जुन्यांचा भरवसा नाही.

जुने टीव्ही बऱ्याचदा एनटीएफएस मात्र वाचतात, आणि तिच्यातही ४ जीबीची अडचण नाही. म्हणून उपाय असा: आधी पेनड्राइव्हवरचं सगळं लॅपटॉपवर उतरवायचं, दोन-चार फायली उघडून नीट उतरल्या आहेत याची खात्री करायची, मग विंडोजमध्ये ड्राइव्ह 'NTFS' निवडून फॉरमॅट करायचा आणि फायली परत टाकायच्या. हा क्रम चुकवू नका. फॉरमॅट म्हणजे आहे ते सगळं जाणं. टीव्ही स्वतः फॉरमॅट करायला सांगतो तेव्हा घाईने होकार देऊन लग्नाचा एकमेव पेनड्राइव्ह कोरा होऊ शकतो. फोटोग्राफरने ड्राइव्ह मॅकच्या स्वतःच्या पद्धतीत तयार केला असेल, तर विंडोजही तो फॉरमॅट करायला सांगतो. त्यातला मजकूर तेव्हा जागेवरच असतो, फक्त विंडोजला तो वाचता येत नाही. अशा वेळी 'Cancel' दाबावं आणि ड्राइव्ह एखाद्या मॅकवर उघडावा.

आता पेनड्राइव्ह दिसतो, फाइल सुरू होते, चित्र उत्तम आहे, पण सनई ऐकूच येत नाही. इथे अंदाज बांधण्यापेक्षा फाइलच्या आत पाहावं. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर फाइलमध्ये काय भरलंय ते वाचून दाखवतं. आपली फाइल एमओव्ही आहे, चित्र 'AVC' म्हणजे एच.२६४ आहे आणि आवाज 'PCM'. एच.२६४ हा २००३ पासूनचा कोडेक, तो या टीव्हीला व्यवस्थित येतो. पीसीएम म्हणजे न आकसलेला कच्चा आवाज. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून एमओव्ही काढताना तो सहज तसाच राहतो, आणि व्हिडिओच्या फाइलमध्ये पीसीएम आवाज असेल अशी अपेक्षा या टीव्हीने ठेवलेली नाही.

म्हणजे चित्राला हात लावायचं कारणच नाही. एफएफएमपेग या मोफत साधनाला चित्र जसंच्या तसं उचलायला, फक्त आवाज एएसी या सर्वत्र चालणाऱ्या कोडेकमध्ये बदलायला आणि दोन्ही एमपी४मध्ये भरायला सांगता येतं:

```
ffmpeg -i lagna.mov -c:v copy -c:a aac -b:a 256k lagna.mp4
```

यातला `copy` हा शब्द सगळ्यात मोलाचा आहे. तो असला की चित्र पुन्हा आकसलं जात नाही, त्यामुळे दर्जा जात नाही आणि वेळ लागतो तो मुख्यतः फाइल लिहायला लागतो तेवढाच. कोडेक ठीक असून नुसता कंटेनर टीव्हीला पटत नसेल, तर `-c copy` एवढंच लिहून एमकेव्हीचं एमपी४ करता येतं. सिनेमांच्या फायलींत मुकं चित्र दिसण्यामागे बऱ्याचदा डीटीएस हा आवाजाचा कोडेक असतो. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींमधून त्याचा आधार काढला, त्यामुळे जुन्या टीव्हीवर बोलणारी फाइल नव्यावर मुकी होऊ शकते. उपाय वरचाच.

राहिल्या कॅमेऱ्याच्या क्लिप. त्या लावल्या की आवाज येतो, पडदा काळाच. मीडियाइन्फो अशा क्लिपबद्दल साधारण हे सांगतं:

```
Format             : AVC
Format profile     : High 4:2:2@L5.1
Chroma subsampling : 4:2:2
Bit depth          : 10 bits
```

कोडेकचं नाव तेच, एच.२६४, तरीही चालत नाही. घोळ शेवटच्या दोन ओळींत आहे. घरच्या व्हिडिओत प्रत्येक बिंदूची उजळता वेगळी साठवतात, पण रंग चार बिंदूंमध्ये मिळून एकदाच, कारण डोळ्याला रंगातला बारीक फरक कमी जाणवतो. याला ४:२:० म्हणतात. ४:२:२ मध्ये दर दोन बिंदूंना रंगाची एक नोंद असते. शिवाय ८ बिटांत प्रत्येक मूल्याच्या २५६ पायऱ्या, तर १० बिटांत १०२४. रंग दुरुस्त करताना एडिटरला हे जास्तीचं सामान फार उपयोगी पडतं, म्हणून आताचे अनेक चांगले कॅमेरे ते नोंदवतात. टीव्हीतलं सर्किट मात्र एच.२६४ साठी ८ बिट ४:२:० गृहीत धरून घडवलेलं असतं. 'एच.२६४ चालतो' या टीव्हीच्या पुस्तिकेतल्या ओळीचा अर्थ तेवढाच.

इथे `copy` कामाचा नाही. चित्र उलगडून नव्याने बांधावंच लागतं, आणि क्लिप ४के असेल तर फुल एचडीपर्यंत लहानही करावी लागते, कारण हा टीव्ही ४के उलगडू शकत नाही:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf scale=1920:-2 -c:v libx264 -pix_fmt yuv420p -crf 18 -c:a aac clip-tv.mp4
```

`yuv420p` म्हणजे ८ बिट ४:२:०. `crf` चा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. १८ ला नुसत्या डोळ्यांना फरक कळणं कठीण. या कामाला खरोखर वेळ लागतो, रात्रभराचं कन्व्हर्टिंग असेल तर ते इथे. आज्ञा लिहायची नसेल तर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बटणांनी हेच होतं. पण चित्र तसंच ठेवून नुसता आवाज बदलणं हँडब्रेकला जमत नाही. तो प्रत्येक वेळी चित्र नव्याने बांधतो. म्हणून वरच्या मुक्या फिल्मसाठी तो वापरू नये.

अशा क्लिप टीव्हीवर फिकट, राखाडी दिसल्या तर घाबरू नका. पुढे रंग भरता यावेत म्हणून त्या मुद्दामच तशा टिपलेल्या असतात.

यातलं बरंचसं लग्नाआधीच टाळता येतं. फोटोग्राफर ठरवताना त्याला स्पष्ट सांगा: अंतिम फिल्म एमपी४ मध्ये, एच.२६४, ८ बिट ४:२:०, आवाज एएसी. मुख्य फिल्म द्यायच्या आधी एक मिनिटाचा तुकडा पेनड्राइव्हवर मागा आणि घरच्या टीव्हीवर लावून पाहा. आणि टीव्हीसाठी नवी फाइल केली म्हणून मूळ फाइल पुसू नका. ती पेनड्राइव्हखेरीज आणखी एका हार्ड डिस्कवर ठेवा. पुढच्या टीव्हीसाठी पुन्हा बदल करावा लागला, तर तो मूळ फाइलवरूनच करायचा आहे.